मास्तरांचा आकडा

टेस्टरला टेस्टर हे नाव मास्तरांनीच दिलं होतं. शिकाऊ म्हणून आला तेव्हा प्रत्येक वायरीला टेस्टर लावून बघायचा. बंद केलेल्या मशीनला लावायचा, प्लग भिंतीतून काढून हातात धरलेला असला तरी लावायचा. मास्तर म्हणायचे, "अरे, प्लग तुझ्या हातात आहे, करंट काय आभाळातून येणार?" तरी हा लावायचाच. असा माणूस. आणि ह्या माणसाने नोकरीच्या मेलमध्ये एक ओळ अशी घातली की आधी जरा टेस्टर लावून बघितला असता तर जन्मभराची मान खाली गेली नसती. पण तिथे नाही लावला. माणूस नको तिथे सावध आणि हवं तिथे आंधळा, दुसरं काय!

काम दवाखान्यातल्या मशीन दुरुस्त करायचं. व्हेंटिलेटर, हृदयाचे ठोके दाखवणारे मॉनिटर, सलाईनचं औषध थेंबाथेंबाने मोजून सोडणारे पंप. मास्तर आणि टेस्टर दोघं आधी एकाच छोट्या कंपनीत होते. ही कंपनी कंत्राटावर दवाखान्यांच्या मशीन सांभाळायची. हत्यारांची पेटी स्कूटरला बांधायची आणि या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरायचं. मास्तर चौदा वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडले आणि एका मोठ्या हॉस्पिटलात कायमचे लागले. तिथे तंत्रज्ञांच्या दोनच जागा. एक मास्तरांची. दुसरी दोन वर्षं रिकामी, म्हणजे दोन माणसांचं काम मास्तर एकट्याने ओढत होते. त्या जागेसाठी टेस्टरचं नाव मास्तरांनीच सुचवलं. त्याची मुलाखत झाली, लेखी परीक्षा झाली, बिघडवून ठेवलेला पंप समोर ठेवून दुरुस्त करून घेतला, आणि सोमवारी दुपारी मेलवर ऑफर लेटर आलं. महिना बावन्न हजार. शुक्रवारपर्यंत सही करून परत पाठवा, नाहीतर ऑफर रद्द समजा.

टेस्टरला तेव्हा त्रेचाळीस मिळत होते. पत्र वाचून तो कंपनीच्या गोदामातच उड्या मारणार होता, पण आजूबाजूला लोक होते. त्याने पत्राची प्रिंट काढली आणि संध्याकाळी घरी जायच्या आधी थेट मास्तरांकडे गेला. ज्यांनी नोकरी मिळवून दिली त्यांना पहिलं दाखवायचं, एवढी रीत त्याला होती.

मास्तरांच्या स्वयंपाकघरातलं टेबल छोटं, एका बाजूने भिंतीला टेकलेलं. काकू ओट्यापाशी चहा गाळत होत्या. टेस्टरने प्रिंट मास्तरांच्या पुढे ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्यामुळे."

मास्तरांनी चष्मा लावला. वाचलं. आकड्यापाशी त्यांचं बोट जरा जास्तच वेळ थांबलं, पण टेस्टर आपल्याच आनंदात, त्याला काय दिसणार!

"बावन्न," मास्तर म्हणाले. "बरे आहेत."

"बरे? मास्तर, नऊ हजार वाढले!"

"सुरुवातीला ठीक आहेत रे." मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण हे लोक पहिल्यांदा कमीच लावतात. मला चौसष्ट आहेत आता. तुझ्याकडे व्हेंटिलेटरचा कंपनीचा कोर्स आहे, जो माझ्याकडे नाही. साठ तरी माग."

काकूंच्या हातातली गाळणी पातेल्यावर वाजली. चहाचा कप टेबलावर ठेवून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. टेस्टरला वाटलं, टीव्हीवर त्यांची मालिका लागली असेल.

"आणि हे बघ," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "हे आपल्या दोघांत. माझा आकडा कुठे बोलायचा नाही."

"छे हो मास्तर! मी काय वेडा आहे?"

वेडा नव्हता. अतिशहाणा होता.

त्याची बायको एका शाळेच्या कचेरीत कारकून. पत्रं लिहिण्यात तिचा हात धरणारा नाही. मुख्याध्यापकांची रागाची पत्रंसुद्धा ती अशी लिहायची की वाचणारा आधी आभार मानायचा आणि मग घाबरायचा. मंगळवारी सकाळी, ऑफिसला जायच्या आधी, तिने त्याच्यासमोर बसून मेल लिहून दिला. आधी आभार. मग, तुमच्याकडे काम करायला मी उत्सुक आहे, म्हणजे नाही म्हणत नाही हे त्यांना कळलं पाहिजे. मग सतरा वर्षांचा अनुभव, व्हेंटिलेटरचा कोर्स, त्याचं प्रमाणपत्र सोबत जोडलेलं. मग, या सगळ्याचा विचार करून महिना साठ हजारांचा विचार व्हावा ही विनंती. शेवटी, आपल्या उत्तराची वाट पाहतो, शुक्रवारच्या मुदतीची मला कल्पना आहे.

"एवढंच?" टेस्टर म्हणाला.

"एवढंच. मागायचं, कारण सांगायचं, गप्प बसायचं."

"पण वजन पाहिजे ना काहीतरी. मास्तरांना चौसष्ट मिळतात. ते घालू की."

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की शाळेतल्या पोरांची चड्डी ओली व्हावी. "त्यांनी सांगितलंय ना, बोलायचं नाही म्हणून?"

"नाव कुठे घालतोय? नुसतं 'आपल्याकडील जुन्या तंत्रज्ञांना' असं."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते. दुसऱ्याची मूठ उघडायला आपण कोण? राहू दे ते." तिने ओळ टाईप होता होताच खोडली, पर्स उचलली आणि गेली.

ती गेल्यावर टेस्टर पाच मिनिटं मेल बघत बसला. त्याला तो फार गरीब वाटला. हात जोडून उभा असल्यासारखा. विनंती, आभार, विनंती. आणि त्याच्याकडे तर हुकमाचा पत्ता होता! आता माणसाची बुद्धी अशा वेळी कुठे चरायला जाते कोण जाणे. त्याने ओळ परत घातली. "माझ्या माहितीनुसार आपल्याकडील सर्वांत जुन्या तंत्रज्ञांना या कामाचे चौसष्ट हजार मिळतात, त्यामुळे माझी अपेक्षा वाजवी आहे असे मला वाटते." नाव नाही घातलं, बघा. सज्जनपणा केला. ज्या विभागात दोन जागा आणि त्यातली एक रिकामी, तिथले सर्वांत जुने तंत्रज्ञ कोण, हे झाडूवाल्या मावशीनेही सांगितलं असतं.

'पाठवा' दाबलं आणि शीळ घालत कामाला गेला.

बुधवारी दुपारी तो एका छोट्या दवाखान्यात मॉनिटर उघडून बसला होता तेव्हा फोन आला. हॉस्पिटलच्या एचआरच्या बाई. आवाज गोड, पण मोजून बोलणारा.

"तुमचा मेल मिळाला. तुमचं प्रमाणपत्र आम्ही पाहिलं. साठ आमच्या चौकटीत बसत नाहीत. पण त्या कोर्ससाठी विभागप्रमुखांनी पंचावन्न मंजूर केलेत. सुधारित ऑफर लेटर आज संध्याकाळी मेलवर येईल. मुदत तीच, शुक्रवार."

"हो, हो, चालेल," टेस्टर म्हणाला. हातातला स्क्रू खाली पडला आणि टेबलाखाली गेला.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "तुम्ही मेलमध्ये एका पगाराचा उल्लेख केलाय. कोणाचाही पगार मी तुमच्याशी बोलू शकत नाही आणि बोलणारही नाही. एवढंच सांगते, की त्या आकड्याच्या भरवशावर तुम्ही पुढचे हिशोब करू नका. नाहीतर निराशा होईल."

"म्हणजे?"

"म्हणजे तेवढंच. आणि वाढीव पगाराला विभागप्रमुखांची मंजुरी लागते, म्हणून तुमचा मेल तसाच त्यांच्याकडे पाठवावा लागला. तो नियमच आहे. तुम्हाला माहिती असावी म्हणून सांगितलं."

फोन बंद झाला. टेस्टर टेबलाखाली वाकून स्क्रू शोधत राहिला, आणि शोधता शोधता त्याच्या डोक्यात एकेक वायर जुळत गेली. मेल विभागप्रमुखांकडे गेला. विभागप्रमुख म्हणजे मास्तरांचे साहेब. साहेबांनी ती ओळ वाचली. आणि आकडा खरा नाही. मास्तरांना चौसष्ट मिळतच नाहीत. स्क्रू मिळाला, पण तो खालून उठला नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, "चक्कर आली का हो?" तेव्हा कुठे तो उभा राहिला, कान लालबुंद, आणि म्हणाला, "नाही, नाही, सापडला."

संध्याकाळी बायकोला सांगताना त्याला तिच्याकडे बघवेना. ती ओळ परत घातल्याचं ऐकून तिने कपाळावर हात मारला नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तुला मी सांगितलं होतं रे." मग थोड्या वेळाने, "त्या माणसाने तुला घास भरवला आणि तू त्याच्या ताटात हात घातलास." बस्स. यापेक्षा वाईट काय बोलायचं असतं? सुधारित पत्र आलं होतं. पंचावन्न हजार. त्याने ते एकदा उघडलं आणि बंद केलं. आनंद करायला गेला की आतून कोणीतरी थप्पड मारत होतं.

त्या संध्याकाळी त्याने मास्तरांना तीन वेळा फोन केला. कोणी उचलला नाही.

गुरुवारी मास्तरांची सुट्टी असते हे त्याला माहीत होतं. कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी तो मास्तरांच्या दारात उभा राहिला. जिन्यातच दोनदा परत फिरायचा विचार केला. शेवटी बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. एरवी म्हणायच्या, "ये रे बाबा, जेवलास का?" आज म्हणाल्या, "ते आत आहेत." आणि बाजूला झाल्या.

मास्तर गॅलरीत जमिनीवर बसून शेजाऱ्यांचा टेबलफॅन उघडत होते. वर बघितलं नाही.

"मास्तर."

"बस."

तो बसला. जमिनीवरच. पंख्याची पाती एका बाजूला वर्तमानपत्रावर मांडून ठेवली होती. मास्तरांनी बेअरिंगमध्ये तेलाचे दोन थेंब सोडले आणि बोटाने फिरवून बघितलं.

"मास्तर, मी शेण खाल्लं."

"हो," मास्तर म्हणाले. "खाल्लंस."

"मला वाटलं नाव नाही घातलं म्हणजे..."

"साहेबांनी मला बोलावलं," मास्तर म्हणाले, जणू टेस्टरचं वाक्य त्यांना ऐकूच आलं नव्हतं. "कालच. खोलीत हिशोबखात्याचा माणूसही बसला होता. साहेब म्हणाले, बसा मास्तर, आणि तुझा मेल वाचून दाखवला. पूर्ण. पहिल्यापासून. त्या ओळीपाशी आले आणि म्हणाले, 'तुम्हाला चौसष्ट कोण देतं हो? आम्हाला पण सांगा, आम्हीही तिकडे जातो.' मग हसले. हिशोबखात्याचा माणूस पण हसला." त्यांनी बेअरिंग पुसलं. "ओरडले असते तर चाललं असतं. पगार बाहेर बोललात म्हणून एक नोटीस दिली असती तरी चाललं असतं. हसले."

टेस्टरला वाटलं, गॅलरीची फरशी फाटावी आणि आपण खालच्या मजल्यावर पडावं. सतरा वर्षांत मास्तरांवर कोणी हसलेलं त्याने पाहिलं नव्हतं. मास्तर दुसऱ्यांवर हसायचे.

"किती मिळतात, मास्तर?" विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

मास्तर पहिल्यांदा त्याच्याकडे बघून म्हणाले, "एकोणपन्नास."

बाहेर कोणीतरी कपडे झटकत होतं. आतून काकूंच्या बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. त्या दाराआड उभ्या होत्या, हे दोघांनाही कळलं.

"एकोणपन्नास," मास्तर पुन्हा म्हणाले. "चौदा वर्षांनी. आणि तू येऊन बावन्नचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलंस. माझ्या शिकवलेल्या पोराला पहिल्या दिवशी माझ्यापेक्षा तीन जास्त. तुझा चेहरा असा फुललेला. मी काय म्हणायला हवं होतं? 'शाब्बास, आता तुझ्या हाताखाली काम करतो'? तोंडातून चौसष्ट निघालं. पन्नासही म्हणू शकलो असतो, पण पन्नास म्हणून काय उपयोग होता? खोटं बोलायचंच तर मग जरा बरं तरी बोलावं." ते हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यातच मोडलं. "बायकोसमोर बोललो. ती सोमवारपासून नीट बोलत नाही माझ्याशी. खोटं बोललो म्हणून नव्हे. खोटं बोलायची वेळ आली म्हणून."

टेस्टरचे डोळे भरून आले. स्वतःची लाज वाटते तेव्हा रडूही लाजत येतं. त्याने मान खाली घातली आणि पंख्याच्या पात्यांवर नजर लावली.

"मी नाही घेत ती नोकरी," तो म्हणाला. "आत्ताच मेल करतो. नको म्हणून. आणि लिहितो की तो आकडा मीच मनाने घातला. मास्तरांनी काही सांगितलं नव्हतं."

"खबरदार!" मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर खाली आपटला. काकू दचकून दारात आल्या. "आता आणखी एक मेल पाठवतोस? पहिल्याने हौस फिटली नाही का? तू नाही आलास तर ती जागा आणखी दोन वर्षं रिकामी. दोन वर्षं मी एकटा आहे. मागे एका रविवारी स्वतःच्या पोराच्या लग्नात जेवायला बसलो आणि आयसीयूतून फोन आला, ताटावरून उठून गेलोय मी. तू तोंड लपवायला पळणार आणि काम मी उचलणार? हेच प्रायश्चित्त काय तुझं?"

"पण मास्तर, तुमच्यासमोर रोज उभं कसं राहू?"

"तसंच. मान खाली घालून. काय मरत नाही माणूस त्याने. मी कालपासून घालूनच फिरतोय की."

काकूंनी पाण्याचा तांब्या दोघांच्या मधे ठेवला आणि तिथेच दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. कोणीच प्यायलं नाही.

मास्तरांनी हात फडक्याला पुसले. एकेक बोट. मग म्हणाले, "तो मेल कोणी लिहिला होता?"

"बायकोने. ती ओळ सोडून."

"तरीच." मास्तरांनी फडकं बाजूला ठेवलं. "ती ओळ सोडली तर चांगला होता. साहेब वाचत होते तेव्हा मी ऐकत होतो. आभार, मग काम, मग कागद, मग आकडा. कुठे रडगाणं नाही. कुठे मिजास नाही. मी चौदा वर्षांत एकदाही असं मागितलं नाही. दर वर्षी वाटायचं, त्यांना दिसतंय ना काम, ते देतील. त्यांना दिसतच नव्हतं, किंवा दिसत होतं आणि तसंच परवडत होतं." त्यांनी काकूंकडे बघितलं आणि नजर परत टेस्टरकडे आणली. "माझ्यासाठी लिहून देशील?"

टेस्टरने खिशातून मोबाईल काढला. घाईत एकदा चुकीचंच काहीतरी उघडलं. मास्तर सांगत गेले, तो लिहीत गेला. चौदा वर्षं. दोन वर्षं एकट्याने दोन जागांचं काम. किती मशीन, तर आयसीयूमध्ये बावीस व्हेंटिलेटर, एकशे दहा पंप. त्यांच्या देखरेखीखालचं एकही मशीन वापरात असताना बंद पडलेलं नाही. काकू मधेच म्हणाल्या, "लग्नातलं पण लिहा," आणि मास्तर म्हणाले, "ते नको, ते रडगाणं होईल," आणि टेस्टरने ते नाही लिहिलं. यावेळी जे सांगितलं तेवढंच लिहिलं, एक अक्षर जास्त नाही. दोनदा वाचून दाखवलं. मास्तरांनी मान हलवली.

"आकडा?" टेस्टर म्हणाला. "चौसष्ट लिहू, मास्तर? चौदा वर्षांना शोभतील. त्यापेक्षा जास्तही."

मास्तर पंख्याची पाती एकेक करून परत बसवायला लागले. पहिलं बसवलं. दुसरं बसवलं. तिसऱ्याला हात लावला आणि थांबले.

"नको," ते म्हणाले. "तुझ्याएवढे लिही."